उभ्या पायाचा फोटो: कमान कुठे दिसते, कुठे दिसत नाही

माझा भाचा काटोलचा. भरतीच्या तयारीसाठी नागपुरात खोली करून राहतो आणि रोज पहाटे मानकापूरला धावायला जातो. तिथे कुणीतरी त्याच्या पायांकडे पाहून म्हटलं, ‘तुले तं फ्लॅट फूट आहे, मेडिकलात जाशील घरी.’ झालं. रात्री साडेदहाला माझ्या फोनवर दोन पायांचा फोटो आला आणि खाली एकच ओळ: ‘मावशी, खरंच आहे का वं?’

फोटो त्याने स्वतःच काढला होता, उभ्यानं, खाली वाकून. त्यात दिसत होती दहा बोटं, नखं आणि चपलेच्या पट्ट्यांचे उन्हाने पडलेले फिके डाग. वरून काढलेल्या फोटोत कमान दिसतच नाही, कारण कमान तळव्याच्या आतल्या बाजूला असते आणि वरून पाहताना ती पावलाच्या पाठीखाली झाकली जाते. उलट ते डाग घोटाळा करतात. पट्टा जिथून तिरपा जातो तिथे कातडी फिकी आणि बाजूला काळपट राहते. अंगठ्यामागे तो फिका पट्टा आतल्या कडेपर्यंत उतरला की तिथे पाऊल फुगून खाली बसल्यासारखं वाटतं. मी गेली कित्येक वर्षं फिजिओथेरपी करते, तरी मलाही पहिल्या नजरेत तसंच वाटलं.

मी त्याला लिहिलं, ‘या फोटोवरून काही सांगता येत नाही. सांगते तसे चार फोटो काढ.’ ते चार फोटो कसे काढायचे, त्यांत काय पाहायचं आणि काय समजत नाही, हे सगळं इथे सविस्तर लिहिते आहे.

आधी कमानीबद्दल थोडं

पावलाच्या आतल्या कडेला टाचेपासून अंगठ्याच्या मुळापर्यंत हाडांची एक कमान असते. ती दगडी पुलासारखी एका जागी घट्ट बसलेली नसते. खालून तिला तळव्याचा जाड पडदा ताणून धरतो. आतल्या घोट्यामागून येणारी एक शीर तिला वर ओढते. पोटरीतल्या टिबिआलिस पोस्टेरिअर या स्नायूची ती शीर. वजन पडलं की कमान थोडी खाली येते आणि पाऊल उचललं की परत वर जाते. हे खाली-वर होणं हेच तिचं काम आहे. म्हणून उभ्या फोटोत दिसते ती कमान ‘वजनाखाली किती खाली आली’ एवढंच सांगते. ती परत वर जाते की नाही, हे एका स्थिर फोटोत मावत नाही.

या कमानीच्या माथ्याशी एक हाड आहे, नेव्हिक्युलर. होडीच्या आकाराचं, म्हणून मराठीत त्याला नौकाकृती म्हणतात. आतल्या घोट्याच्या टोकावर बोट ठेवा आणि साधारण दोन बोटं पुढे व थोडं खाली सरका. एक हाडाचा उंचवटा लागेल. पाऊल आत वळवलं की तो आणखी ठळक होतो. सगळं वाचन या उंचवट्यावर उभं आहे, म्हणून फोटोआधी त्यावर बॉलपेनने ठिपका द्या. उभं राहिल्यावर द्यायचा, बसून नाही, कारण बसल्यावर कातडी हाडावरून सरकते. आतल्या घोट्याच्या टोकावरही एक ठिपका द्या.

फोटो काढताना

मुख्य गोष्ट कॅमेऱ्याची उंची. कॅमेरा घोट्याच्या पातळीवर, म्हणजे जवळजवळ जमिनीवर हवा. फोन उलटा करून, लेन्स खालच्या बाजूला येईल असा, पुस्तकाला टेकवून ठेवा. लेन्स आपोआप जमिनीपासून दोन-तीन बोटांवर येते. फोन हातात धरून गुडघ्याच्या उंचीवरून काढला तर कमानीखालची पोकळी पावलाच्या कडेआड जाते आणि चांगला पायही चपटा दिसतो. माझ्याकडे येणाऱ्या फोटोंतली अर्धी ‘फ्लॅट फूट’ इथेच तयार झालेली असतात.

दुसरी गोष्ट अंतर. फोन जवळ नेला की मोबाइलची लेन्स पुढच्या वस्तूला फुगवते, आणि पुढे असतो तो अंगठा किंवा टाच. आपल्याकडच्या घरांत बहुतेक दोन फुटी टाइल्स असतात, त्यामुळे मोजायची सोय आहे. फोन दोन टाइल्स दूर, म्हणजे चार फुटांवर ठेवा आणि दुप्पट झूम करा. टाइलचा सांधा फोटोत आडवा दिसू द्या. तो तिरपा आला तर कॅमेरा तिरपा आहे, फोटो परत काढा.

प्रकाश खिडकीचा, बाजूने येणारा हवा. डोक्यावरच्या ट्यूबलाइटची काळी सावली पावलाच्या आतल्या कडेखाली पडते आणि नसलेली कमान दाखवते. फ्लॅश उलटं करतो, असलेली कमान पुसून टाकतो. पावलाशेजारी त्याच रेषेत एक स्टीलची पट्टी उभी धरून ठेवा, म्हणजे मापाला आधार मिळतो.

आता उभं राहायचं कसं. माणसाला ‘सरळ उभा राहा’ म्हटलं की तो सावधानमध्ये येतो, टाचा जोडतो, पंजे फाकवतो आणि नकळत कमान उचलून धरतो. भाच्याने पहिल्या वेळेस हेच केलं. त्याऐवजी जागच्या जागी पाच-सहा पावलं चालायला लावा आणि ‘थांब’ म्हणा. पाय जसे पडतील तसे राहू द्या. नजर समोर भिंतीवर. फोनकडे वाकून पाहिलं की वजन चवड्यांवर जातं. म्हणून स्वतःचा फोटो स्वतः काढता येत नाही, दुसरं माणूस लागतंच. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. वेळही लिहून ठेवा, कारण दिवसभर उभं राहून, त्यातही मे महिन्यात, संध्याकाळी पाय सुजलेला असतो आणि सूज कमानीची पोकळी भरून काढते. मी सकाळचे फोटो मागते.

काढायचे फोटो चार. पहिला मागून, दोन्ही टाचा आणि पोटरीचा खालचा अर्धा भाग येईल असा. दुसरा समोरून, गुडघ्याच्या वाट्यांसकट. तिसरा आतल्या बाजूने, प्रत्येक पायाचा वेगळा. यात अडचण अशी की दुसरा पाय मध्ये येतो. तो अर्ध्या पावलाने मागे घ्यायला सांगा, पण वजन दोन्हीवर सारखं ठेवायला लावा. वजनात थोडा फरक पडतोच, म्हणून मागचा आणि समोरचा फोटो आधी उरकून घ्या. चौथा फोटो परत मागून, पण चवड्यांवर उभं राहून, टाचा उचलून. हा चौथा का, ते पुढे येईल. लोक नेमका तोच पाठवत नाहीत.

आतल्या बाजूचा फोटो वाचणं

फोनमध्येच फोटोवर रेघ ओढायची सोय असते. आतल्या घोट्याच्या टोकावरच्या ठिपक्यापासून अंगठ्याच्या मुळाच्या सांध्याच्या खालच्या कडेपर्यंत सरळ रेघ ओढा. हिला फेसची रेषा म्हणतात आणि ती १९०९ पासून वापरात आहे. नेव्हिक्युलरचा ठिपका या रेघेवर किंवा तिच्या अगदी जवळ असेल तर कमान नेहमीसारखी. रेघेपासून जमिनीपर्यंतच्या अंतराचा एक तृतीयांश खाली गेला असेल तर पहिल्या दर्जाचा सपाटपणा, दोन तृतीयांश गेला तर दुसऱ्या, आणि जमिनीला टेकला तर तिसऱ्या.

भाच्याचा उजवा पाय पाहिला. पट्टीवरून ठिपक्याच्या जागी रेघेची उंची ४२ मिलिमीटर, ठिपक्याची ३८. म्हणजे चार मिलिमीटर खाली, काही विशेष नाही. डावीकडे रेघ तेवढ्याच उंचीवर, ४२, पण ठिपका २८ वर. चौदा मिलिमीटर खाली, बरोबर एक तृतीयांश. डाव्या पायाला पहिल्या दर्जाचा सपाटपणा आहे, असं फोटो म्हणत होता. दोन पायांत फरक आहे, हेही फोटोने नीट दाखवलं, आणि त्या फरकाकडे मी आकड्यापेक्षा जास्त लक्ष देते.

इथे एक सावधगिरी. ही मापं दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे होतातच. ठिपका हाडाच्या नेमक्या उंचवट्याऐवजी अर्धं बोट खाली पडला तर सगळं गणित चुकतं. त्यामुळे मी ठिपका परत द्यायला लावला आणि दुसऱ्या दिवशी फोटो परत मागवला. दुसऱ्या वेळी डावा २९ आला. एवढा फरक चालतो. पंचवीस आला असता तर दोन्ही फोटो बाजूला ठेवले असते.

मागचा फोटो वाचणं

मागून पाहताना टाचेची मधली रेघ आणि पोटरीच्या खालच्या भागाची मधली रेघ, या दोन ओढायच्या. टाच थोडी बाहेरच्या बाजूला कललेली असणं नेहमीचंच आहे, साधारण पाच अंशांपर्यंत. त्याहून बरीच जास्त कललेली असेल तर पाऊल आत कोसळतंय असं समजायचं. जुन्या चपलेची टाच आतल्या बाजूने झिजलेली असेल तर तीही बघून ठेवा, पण तेवढ्यावरून काही ठरवू नका.

दुसरी खूण बोटांची. मागून पाहिल्यावर घोट्याच्या बाहेर करंगळी आणि फार तर तिच्या शेजारचं बोट दिसतं. तीन-चार दिसायला लागली की पावलाचा पुढचा भाग बाहेर सरकला आहे. या खुणेचं इंग्रजी नावच ‘जास्त बोटं’ अशा अर्थाचं आहे.

भाच्याच्या फोटोत गंमत झाली. डाव्या पायाला दोन बोटं दिसत होती आणि उजव्या, म्हणजे चांगल्या पायाला तीन! इथे समोरचा फोटो कामी आला. उजव्या गुडघ्याची वाटीच बाहेरच्या दिशेला बघत होती. म्हणजे आख्खा पायच मांडीपासून बाहेर वळवून तो उभा होता. पाऊल बाहेर वळलं तर बोटं जास्त दिसणारच, त्याचा कमानीशी संबंध नाही. वाटी समोर आणि बोटं बाहेर असं असेल, तरच ती खूण पावलाची. टाचेच्या रेघेचंही तसंच. पाय वीस अंश फिरलेला असेल तर कॅमेरा टाचेच्या मागे न राहता तिरका होतो आणि कोन खोटा येतो.

डॉक्टर आणि फिजिओ पायाची ठेवण मोजायला सहा मुद्द्यांचा एक तक्ता वापरतात. प्रत्येक मुद्द्याला उणे दोन ते अधिक दोन गुण, आणि बेरीज शून्य ते पाच आली तर ठेवण नेहमीची. त्यातले पाच मुद्दे डोळ्यांनी बघायचे आहेत. सहावा मात्र बोटांनी चाचपायचा आहे, घोट्याच्या पुढे हाडाचं डोकं आत लागतं की बाहेर ते. फोटोवरून हा तक्ता भरायला बसलात तर एक घर रिकामंच राहतं.

पाय कडक आहे की लवचीक

आता चौथा फोटो. सपाट पायाबद्दल सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तो किती सपाट आहे ही नाही, तर तो लवचीक आहे की कडक ही आहे. लवचीक पाय उभं राहिल्यावर चपटा दिसतो, पण चवड्यावर उभं राहिलं की कमान परत दिसते आणि टाच मागून बघताना आतल्या बाजूला वळते. कडक पाय दोन्ही वेळेला सारखाच राहतो. दोघांचा साधा उभा फोटो अगदी एकसारखा येतो. म्हणून तेवढ्यावर मत द्यायचं मी टाळते.

भाच्याच्या चवड्यावरच्या फोटोत दोन्ही टाचा आत वळल्या होत्या आणि डाव्या पायाखाली चांगली पोकळी उघडली होती. मग मी व्हिडिओ मागितला, एका पायावर उभं राहून टाच वर-खाली करण्याचा. भिंतीला फक्त दोन बोटं टेकलेली, गुडघा सरळ. उजव्याने त्याने पंचवीस वेळा सहज केलं. डाव्याने अठराव्याला थांबला, पण प्रत्येक वेळी टाच आत वळत होती आणि दुखत नव्हतं. म्हणजे शीर शाबूत आहे, डावी पोटरी जरा कमी पडते एवढंच. टाच उचलताच आली नसती, किंवा उचलली तरी बाहेरच कललेली राहिली असती, तर मी त्याला त्याच आठवड्यात हाडांच्या डॉक्टरकडे धाडलं असतं.

घरी करण्यासारखी आणखी एक तपासणी आहे. वजन देऊन उभं राहायचं आणि दुसऱ्याने अंगठा हाताने वर उचलायचा. तळव्याचा पडदा ताणला जाऊन कमान वर आली तर पाय लवचीक. न आली, किंवा अंगठा हलतच नाही, तर तपासून घ्यायला हवं. वाढत्या वयातल्या मुलाचा पाय कडक आणि दुखरा असेल तर कधीकधी आत दोन हाडं एकमेकांना जोडलेली असतात. ते बाहेरून दिसत नाही.

रविवारी तो घरी जेवायला आला. मी त्याला खुर्चीवर बसवलं, पाय जमिनीवर टेकवून, वजन न देता. एक जाड पुठ्ठा पावलाशेजारी उभा धरला आणि हाडाच्या उंचवट्याला बोट लावून उंचीची खूण केली. मग उभं केलं, तोच उंचवटा परत चाचपला आणि दुसरी खूण केली. उजव्याला बसून ४४, उभ्याने ३८, म्हणजे कमान सहा मिलिमीटर खाली आली. डाव्याला बसून ४२, उभ्याने २९. तेरा मिलिमीटर. दहाच्या वर गेलं की जास्त समजतात. म्हणजे त्याच्या डाव्या पायाला बसल्यावर व्यवस्थित कमान आहे, वजन पडलं की ती बरीच खाली येते, आणि वजन काढलं की परत जाते. ‘सपाट पाय’ या दोन शब्दांत यातलं काहीच येत नाही.

‘म्हणजे मेडिकलात पास का फेल?’ त्याला तेवढंच पाहिजे होतं. सैन्यदलांच्या अधिकारी भरतीच्या वैद्यकीय नियमांत लिहिलेलं आहे ते असं: चवड्यावर उभं राहिल्यावर कमान परत दिसत असेल, उमेदवार चवड्यांवर नीट उड्या मारू आणि धावू शकत असेल, पाय लवचीक आणि न दुखणारा असेल, तर तो चालतो. कडक सपाट पाय चालत नाही. प्रत्येक भरतीच्या जाहिरातीतल्या अटी वेगळ्या असतात, त्या ज्याच्या त्याने वाचाव्यात. पण डॉक्टर पायाला हालचाल करायला लावतो, फोटो मागत नाही, एवढं त्यातून समजतं. मैदानावर एक युक्ती सांगतात, तपासणीच्या वेळी बोटं आवळून धरायची म्हणजे कमान दिसते. ती करू नये. चवडे जमिनीत रुतलेले आणि पोटरी कडक झालेली समोरच्याला लगेच दिसते.

मांस, चरबी आणि ओला ठसा

कमानीच्या आतल्या कडेला अंगठ्याला बाजूला नेणारा एक स्नायू असतो. लहानपणापासून अनवाणी चाललेल्या माणसाचा तो चांगला भरलेला असू शकतो. शेतात राबणाऱ्या माझ्या एका पेशंटच्या पायाची आतली कड जमिनीला टेकलेली दिसायची आणि हाडाचा उंचवटा मात्र अगदी जागेवर, रेघेवर. फोटो म्हणत होता सपाट, पण ते मांस होतं.

ओल्या पायाच्या ठशाचीही हीच गत. फरशीवर ओला पाय ठेवून ठसा पाहायची पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे, पण ठसा फक्त कातडी कुठे टेकली ते सांगतो, हाड किती उंच आहे ते नाही. शिवाय एप्रिलमध्ये आमच्याकडे ठसा फरशीवर बघेपर्यंत वाळलेला असतो. तो पाहायचाच असेल तर जुन्या वर्तमानपत्रावर घ्या.

लहान मुलांच्या बाबतीत तर फोटोचा मोह आवराच. चालायला लागलेल्या बहुतेक सगळ्या मुलांचे पाय सपाट दिसतात. तळव्याखाली चरबीची गादी असते, सांधे मऊ असतात, आणि कमान पुढच्या काही वर्षांत, पहिल्या दशकात हळूहळू दिसू लागते. तीन वर्षांच्या मुलाचा फोटो पाठवून ‘बूट कोणते घ्यायचे’ असं विचारणाऱ्या आयांना मी विचारते: दुखतं का, लंगडतो का, एकच पाय तसा आहे का, चवड्यावर उभा राहतो तेव्हा कमान दिसते का. नाही, नाही, नाही, हो अशी उत्तरं आली तर मी बूट सांगत नाही.

पोटरीची लांबी

एक गोष्ट फोटोतून हमखास निसटते ती म्हणजे टाचेमागच्या जाड शिरेचा आखूडपणा. कॅनडाच्या सैन्यात हॅरिस आणि बीथ या दोघांनी ३,६०० हून जास्त सैनिकांचे पाय तपासले आणि १९४७ मध्ये अहवाल दिला. लवचीक सपाट पाय असलेले बहुतेक जण विनातक्रार चालत होते. त्रास होणाऱ्यांमध्ये मात्र लवचीकपणासोबत ही शीर आखूड असलेले ठळकपणे दिसले. म्हणून मी भाच्याला उकिडवं बसवलं. टाचा टेकून तो आरामात बसला. पण तेवढ्यावर विश्वास ठेवू नये, कारण शीर आखूड असली की पाऊल कमान पाडून ती कसर भरून काढतं आणि टाच टेकलेली दिसते. त्याला पालथं झोपवून, टाच हातात घट्ट धरून, गुडघा सरळ ठेवून पाऊल वर वाकवलं तेव्हा कळलं, डावी बाजू काटकोनापुढे जेमतेम जाते. त्याच्या पायात दुरुस्त करण्यासारखं काही असेल तर ते हे होतं. भिंतीला हात टेकून, मागचा गुडघा सरळ, टाच जमिनीवर आणि पाऊल किंचित आत वळवून, तीस-तीस सेकंद, दिवसातून तीन-चार वेळा पोटरी ताणायला लावली. कमान वाढेल असं मी त्याला सांगितलं नाही, कारण त्याने हाडांची ठेवण बदलत नाही.

सोल घ्यायचा का, असंही त्याने विचारलं. फोटो पाठवा, सोल बनवून देतो म्हणणारे आजकाल बरेच आहेत. एकाने त्याला दोन्ही पायांसाठी सारख्याच उंचीचा सोल देऊ केला होता. उजवा पाय तर ठीकच होता! दुखत नसेल तर सोल लागत नाही. दुखत असेल तर पाय हातात घेऊन बघितल्यावर कुठला ते ठरतं.

एक्स-रेची पाळी आलीच तर उभं राहून, वजन देऊन काढलेला हवा. झोपवून काढलेल्या एक्स-रेत लवचीक सपाट पायाची कमान चांगली दिसते आणि सगळे निश्चिंत होतात. काढणाऱ्याला आधीच सांगा, ‘उभ्याने काढा’. चिठ्ठीवर तसं लिहिलेलं नसेल तर डॉक्टरांकडून लिहून घ्या.

एकच पाय, आणि तोही आत्ता आत्ता

भाच्याचं प्रकरण निवांत होतं. नंतर आलेला दुसरा एक फोटो तसा नव्हता. इतवारीतल्या एका ओळखीच्या मुलाने त्याच्या आईचे पाय मागून काढून पाठवले, वर सांगितलेल्या सगळ्या गोष्टी सांभाळून, फार नीट. उजव्या पायाची तीन बोटं दिसत होती, वाटी समोर होती, टाच बाहेर कललेली, आतली कड जमिनीला. खाली लिहिलं होतं, ‘आईचा एक पाय सपाट होऊन राहिला. दुखत नाही. सोल कोणता घेऊ?’

मी फोन केला. काकूंचं वय अठ्ठावन्न, साखर पंधरा वर्षांपासून. पाय कधीपासून असा? ‘महिनाभर झाला असेल.’ चप्पल घट्ट होते का? हो. मी म्हटलं, दोन्ही पायांवर हाताची पालथी बाजू ठेव आणि सांग. तो म्हणाला, ‘ताई, उजवा गरम लागून राहिला.’

साखर असलेल्या माणसाचा पाय अचानक एका बाजूला सुजला, लालसर झाला, हाताला गरम लागतोय आणि तरी दुखत नाही, तेव्हा पायाच्या मधल्या भागातली हाडं आतून खचत असू शकतात. शारको पाय म्हणतात त्याला. नसा बधिर झालेल्या असतात म्हणून दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणून माणूस चालत राहतो आणि पाय आणखी खचतो. फोटोत रंग पांढऱ्या ट्यूबलाइटमध्ये धुऊन गेला होता, गरमपणा तर येणारच नव्हता, आणि बधिरपणाही नाही. दिसत होता तो फक्त सपाट पाय. मी त्याला सांगितलं, सोल नाही, चालणं बंद, आजच्या आज दवाखाना. काकूंना खुर्चीवर बसवून खाली आणलं. एक्स-रेत पायाच्या मधली लहान हाडं मोडू लागलेली निघाली आणि गुडघ्याखाली प्लास्टर बसलं.

चाळिशी-पन्नाशीनंतर साखर नसतानाही एकच पाय हळूहळू सपाट होतो, तेव्हा बहुधा घोट्यामागची ती ओढणारी शीर झिजत असते. त्यात आतल्या घोट्यामागे दुखतं, सूज येते आणि एका पायावर टाच उचलता येत नाही. लवकर सापडलं तर पट्टा, सोल आणि व्यायामावर भागू शकतं. पाय कडक होईपर्यंत थांबलं तर शस्त्रक्रियेपर्यंत जातं. अशा माणसाने जुने फोटो जरूर शोधावेत. लग्नातले, समुद्रावरचे, जिथे पाय अनवाणी आलेत असे. आजचा फोटो ‘किती’ सांगतो, ‘कधीपासून’ ते पाच वर्षांपूर्वीचा फोटो सांगतो.

आता मी फोटोसोबत पाच ओळी लिहून मागते: वय, साखर आहे का, दुखतं का आणि नेमकं कुठे (बोट ठेवून दाखवलेला फोटो चालतो), एक पाय की दोन्ही, आणि पाय असा कधीपासून आहे. काकूंच्या मुलाने परवा प्लास्टरचा फोटो पाठवला. खाली न विचारता लिहिलं होतं, ‘बोटं गरम नाहीत, रंग बरोबर आहे, सूज कमी.’